सूचना : कालच्या प्रयोगाबद्दल अभिनंदन

सर्व सभासदांना नमस्कार,

राज्य नाट्य स्पर्धेच्या प्राथमिक फेरीतला आपला प्रयोग काल दणक्यात झाला. सगळ्या कलाकारांचं मनापासून अभिनंदन! आजोबांच्या प्रवेशात टाळी आली तेव्हा कुणीही घाईने पुढचं वाक्य घेतलं नाही, टाळी ओसरू दिली. फार छान.

आता विंगेतल्या मंडळींबद्दल. दुसऱ्या अंकात अंधार होतो आणि वाड्याच्या ओसरीचा दवाखाना होतो. जागेच्या खुणा रेडियम टेपच्या होत्या. ती टेप आधी उजेड मिळाला तरच अंधारात चमकते, आणि त्याआधीचा प्रवेश नेमका मंद उजेडातला. खुणा दिसेनात! पण नेपथ्यवाल्यांनी तालमीतच पावलं मोजून ठेवली होती, त्यामुळे खाट बरोबर जागेवर बसली. खाटेच्या पायांना जाड कापड गुंडाळल्यामुळे आवाजही झाला नाही. प्रकाशयोजनेवरच्या दादांनी विंगेतून इशारा येईपर्यंत दिवा आणला नाही आणि संगीतवाल्या ताईंनी तुकडा तेवढा लांबवला. समोर बसलेल्यांना पत्ताही लागला नाही. घामाने सुटलेली मिशी रंगभूषेने कधी चिकटवली, ते तर मलाही कळलं नाही.

पुढच्या प्रयोगाआधी टेपवर टॉर्चचा झोत मारून घ्यायचा, हे रंगमंच व्यवस्थेच्या वहीत लिहून ठेवा.

रविवारी सकाळी दहा वाजता तालमीच्या हॉलवर सामान लावायचं आहे. कलाकारांनीही यायचं, फक्त चहाला नव्हे. भाड्याचे कपडे आणि खर्चाच्या पावत्या सोबत आणा.

– कार्यवाह