ती 80 मिनिटं कोणाची?

प्रिय बंड्या,

दिवाळीपासून तुझे फोन उचलले नाहीत, म्हणून पत्र. तब्येत बरी आहे, शुगर गोळीवर आहे, विषय संपला. लिहायला बसलो त्याचं कारण वेगळंच आहे. साहेब म्हणतात, प्रॉडक्शन सोड आणि क्वालिटी सांभाळ. हो, मी! फर्स्ट पीसच्या ॲप्रूव्हलवरून क्वालिटीच्या स्टँडर्ड रूमच्या दारात ओरडणारा मी. हसून घे आधी.

झालं असं. बोअरिंगच्या व्हीएमसीवर ‘टूल क्लॅम्प’चा अलार्म आला आणि मशीन 10:10 ला थांबलं. मेंटेनन्सच्या नावाने स्लिप फाटली 10:40 ला. मेंटेनन्सने मशीन 12:00 ला परत दिलं. पीस मोजायच्या सीएमएमवर रांग होती, त्यामुळे पहिला पीस 12:50 ला पास झाला. महिन्याच्या रिव्ह्यूत आम्ही लिहिलं, ब्रेकडाऊन 160 मिनिटं. मेंटेनन्सने लिहिलं 80, कारण त्यांचं घड्याळ स्लिप हातात पडल्यावर सुरू होतं (आठवतंय ना, याच एका गोष्टीवरून तू माझ्याशी आठवडाभर बोलला नव्हतास). क्वालिटीच्या तक्त्यात तर काहीच नाही, त्यांनी फक्त पीस तपासला. साहेबांनी तिन्ही कागद एकाखाली एक ठेवले आणि विचारलं, “मधली 80 मिनिटं कोणाची?” सगळे चहाच्या कपात बघायला लागले.

पण खरी गोम त्या पहिल्या अर्ध्या तासात होती. ऑपरेटर रिसेट मारून मशीन चालवून बघत होता. त्याला कळलं होतं की अलार्म फक्त 7 नंबरच्या टूलला येतो, बाकीची टूल्स बिनबोभाट बदलतात. हे त्याने कुणाला सांगितलं नाही, कुणी विचारलंही नाही. स्लिपवर काय, तर ‘टूल क्लॅम्प अलार्म’. तुझ्या जागी मेंटेनन्सला आलेल्या पोराने सेन्सर जरा सरकवला, अलार्म गेला. तू असतास तर आधी होल्डर काढून उलटा धरला असतास. त्या होल्डरचा पुल स्टड सैल होता. स्टड सैल म्हणजे त्याला खेचून धरणारा ड्रॉबार नेहमीपेक्षा जास्त मागे जाणार, आणि सेन्सर नेमकं तेच ओरडून सांगत होता. आपण त्याचंच तोंड बंद केलं! सीएमएमवरचा पहिला पीस छान आला. दुपारच्या शिफ्टला स्टड आणखी सुटला, टेपर नीट बसेना, बोअर मोठा झाला. अख्खा लॉट होल्डवर. टेपरवर लालसर डाग पडले होते, गंज चढल्यासारखे. टूलरूमच्या मामांनी ते बोट लावून दाखवले आणि एक शब्द बोलले नाहीत. मामांचं न बोलणं तुला माहीत आहे.

साहेबांचं म्हणणं, प्लांट हेड व्हायचं असेल तर एकाच खात्याचं घड्याळ वाचून चालत नाही. पटतं. मीही ट्रेनी, शिफ्ट सुपरवायझर, मग मॅनेजर असा वर आलो तो आकडा काढून दाखवत. पण धाकधूक आहे. पगार तोच, आणि माझ्या खुर्चीवर माझाच ज्युनियर. शिवाय आपण पाहिलंय ना, क्वालिटीत गेलेला माणूस बहुतेक तिथेच मुरतो. कस्टमरची तक्रार आली की 8डी रिपोर्ट घेऊन शिव्या खायला जायचं, आणि आतल्यांनी म्हणायचं, हा माल अडवतो. हिचं मत, “घरीही तेच करता, पगार तरी मिळेल.”

एक गोष्ट मात्र डोक्यात बसलीय. ब्रेकडाऊननंतर तपासणी टाळता येत नाही, आयएटीएफ 16949 स्टँडर्डमध्येच आहे ते. पण प्रत्येक वेळी पूर्ण सीएमएम कशाला? स्पिंडल, फिक्स्चर, टूल पकडण्याचा भाग किंवा ॲक्सिसला हात लागला असेल तर सीएमएम हवंच. कूलंटचा पंप बदलला तर लाइनवरच एअर गेजने बोअर बघून सोडता येईल, अर्थात कंट्रोल प्लॅनमध्ये तसं बसवून आणि कस्टमरची संमती घेऊन. आणि स्लिपवर चार वेळा हव्यात: थांबलं, कळवलं, दुरुस्त झालं, पास झालं. खाली एक ओळ ऑपरेटरच्या तोंडची, त्याने काय पाहिलं ती. हे करू देणार असतील तर जातो, असं साहेबांना सांगावं म्हणतो. तू मेंटेनन्सला असतास तर अशा स्लिपवर सही केली असतीस की फाडून टाकली असतीस? खरं सांग, जुना राग मधे न आणता.

सानंदचं तुझं नवीन क्वार्टर कसं आहे? काकूंचा गुडघा? चिंगीची दहावी यंदाच ना, तिला माझे आशीर्वाद.

साहेबांना शुक्रवारी उत्तर द्यायचंय. गुरुवारी सुट्टी आहे, सकाळीच फोन कर. या वेळी उचलतो.

तुझा,
पक्या