पगाराचा आकडा पाहताना

सासाराम, रविवार

प्रिय सच्या,

तुझं पत्र मिळालं. खासगी बँकेची साडेसहा लाखांची ऑफर की सरकारी बँकेची पीओची जागा, असं विचारलंस. मी दोन्हीकडे घासून निघालोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी पगार. तुझ्या साडेसहा लाखांत सव्वा लाख ‘व्हेरिएबल’ आहे, म्हणजे टार्गेट झालं तरच. बँकेचा पीएफ आणि ग्रॅच्युइटीही त्याच आकड्यात कोंबलेली असते. सगळं वजा केलं की हातात महिन्याला 38-39 हजार पडतील. पीओचं मूळ वेतन 48,480 आहे. त्यावर महागाई भत्ता आणि घरभाडं. एनपीएस कापूनही साठ हजारांच्या वर हातात येतात. त्यामुळे सुरुवातीला तरी खासगीत पैसा जास्त, हा गैरसमज काढून टाक.

खरा फरक टार्गेटचा. पुण्यात खासगी बँकेत असताना दर एक तारखेला सकाळी ग्रुपवर तक्ता यायचा, माझ्या नावापुढे शून्य. गेल्या महिन्यात पहिला आलो होतो, हे कुणाच्या लक्षातही नसायचं. मार्चमध्ये पॉलिसी कमी पडल्या तेव्हा मी मामाच्या गळ्यात एक मारली. दुसरा हप्ता त्याला झेपला नाही, आणि अजून तो माझ्याशी धड बोलत नाही. टार्गेट सरकारीतही आहे, विमासुद्धा विकावा लागतो. पण ते बहुतेक शाखेच्या नावावर असतं. कमी पडलं तर रिव्ह्यू मीटिंगमध्ये चारचौघांत बोलणी खावी लागतात, पगाराला हात लागत नाही. त्याऐवजी थकबाकीदारांच्या दारात मोटरसायकल लावावी लागते, तेही काही सुखाचं नाही.

बढती खासगीत लवकर मिळते. मला दीड वर्षात मिळाली. पगार चार हजारांनी वाढला, टार्गेट जवळपास दुप्पट. इकडे स्केल वनमधून टू व्हायला चार वर्षं लागली. लेखी परीक्षा, मुलाखत, शिवाय साहेबांनी दिलेले गुण. आणि पेढे वाटून होईपर्यंत बदलीची ऑर्डर हातात! बार्शीचा माणूस थेट बिहारात. आमच्या बॅचचे दोघे याच भीतीने परीक्षेलाच बसत नाहीत, कारण एकाची आई आजारी आहे आणि दुसऱ्याच्या बायकोची झेडपीत नोकरी. खासगीत शाखा बदलते, पण शहर सहसा तेच राहतं.

म्हणून तुझ्या बाबतीत अडतं ते एवढ्यावरच. काकांचं डायलिसिस लातूरलाच चालू राहणार असेल, तर पीओची पहिली पोस्टिंग कुठे पडेल ते आपल्या हातात नाही, आणि दर तीनेक वर्षांनी पुन्हा तोच खेळ. बायको आणि काका सोबत हलू शकत असतील तर मात्र मी डोळे झाकून सरकारी म्हणेन.

सही करण्याआधी ऑफर लेटरमधल्या व्हेरिएबलच्या परिच्छेदाचा फोटो पाठव. राजीनामा दिला तर व्हेरिएबलचे पैसे परत द्यावे लागतात का, तेही विचार. सरकारी बँकेच्या बाँडची रक्कमही बघून ठेव.

काकांना नमस्कार सांग.

तुझा,
बाळ्या