बाटलीतले पाणी

दि. २१ जुलै

प्रिय अरुण,

सप्रेम नमस्कार. दीड वर्षे पत्र नाही याबद्दल तू जे म्हणशील ते मान्य आहे. माझी साखर ताब्यात आहे, आईचे गुडघे होते तसेच आहेत. लिहिण्याचे कारण वेगळे आहे. माझ्या हातून एक चूक झाली आहे, आणि ती कोणत्या जातीची आहे हे समजणारा माणूस माझ्या ओळखीत तू एकच आहेस.

आपल्या तात्यांच्या द्राक्षबागेच्या वरच्या अंगाला औद्योगिक वसाहतीत जो रंगद्रव्यांचा कारखाना आहे, तेथे १७ जूनच्या रात्री टँकरमधून हायड्रोक्लोरिक आम्ल टाकीत उतरवत असताना पाइपची जोडणी निसटली. टाकीभोवती बांध होता, पण पावसाचे पाणी जाण्यासाठी ठेवलेली त्याची झडप उघडीच राहिली होती. सुमारे सहा हजार लिटर आम्ल त्या झडपेतून गटारात, गटारातून ओढ्यात आणि ओढ्यातून तात्यांच्या शेतात उतरले. वाफांचा मोठा भाग मात्र उलट दिशेला, चाळीकडे गेला. रात्री दोन वाजता माणसे डोळ्यांना ओले फडके लावून रस्त्यावर बसली होती. अग्निशमन दलाने पाणी मारले, कारखान्याने चुन्याची पोती रिकामी केली, आणि सकाळी व्यवस्थापकांनी सर्व काही नियंत्रणात असल्याचे सांगितले.

दुसऱ्या दिवशी मी बागेत गेलो. ओढ्याकडच्या चार ओळींची पाने कडेने करपली होती, आणि कारखान्याकडे तोंड असलेल्या पानांवर तपकिरी ठिपके पडले होते. त्याच वेलीच्या मागच्या बाजूची पाने स्वच्छ होती. याचे फोटो मी तारीख-वेळेसह काढले. माझ्या हातून झालेले शहाणपणाचे काम तेवढे एकच, असे समज.

आता तुझा आवडता विषय. कॉलेजातल्या अभिरूप न्यायालय स्पर्धेच्या अंतिम फेरीत तू मला ऐकवले होतेस की उपद्रव म्हणजे सतत चालणारी गोष्ट, एका रात्रीच्या गळतीला उपद्रव म्हणता येत नाही, आणि मी चिडून सेंट हेलेन्सच्या तांबे वितळवणाऱ्या कारखान्याचा १८६५ चा निवाडा तुझ्यापुढे आपटला होता. तू अर्धा बरोबर होतास, हे मी पंचवीस वर्षांनी कबूल करतो. चाळीतल्या लोकांना वर्षभर येणारा उग्र वास हा तुझा उपद्रव, आणि तेथे कारखानदार ‘हा औद्योगिक भाग आहे, थोडे सोसावे लागते’ असे म्हणू शकतो. पण त्या निवाड्यातल्या टिपिंगसाहेबांच्या झाडांसारखी तात्यांची बाग प्रत्यक्ष जळते, तेव्हा परिसर कोणता हा प्रश्नच उरत नाही. त्या निवाड्याचे मर्म तेवढेच आहे, आणि ते मी त्या वेळी तुला नीट सांगू शकलो नव्हतो, कारण तू सारखा हसत होतास.

चाळीची अडचण मात्र खरी आहे. तेथे निम्मी मुले कॉट बेसिसवर राहतात, करारनामा कोणाकडेच नाही. खासगी उपद्रवाचा दावा जागेवर हक्क असलेल्यानेच करावा, असे इंग्लंडच्या हाऊस ऑफ लॉर्ड्सने १९९७ मध्ये कॅनरी वॉर्फच्या प्रकरणात सांगून ठेवले आहे. ते आपल्यावर बंधनकारक नाही, पण समोरचे वकील ते वाचल्याशिवाय राहणार नाहीत. म्हणून मुलांसाठी उपद्रवाचा आधारच घ्यायचा नाही, असे मी ठरवले.

उरले रायलँड्स विरुद्ध फ्लेचर. शेजाऱ्याच्या खाणीत तळ्याचे पाणी शिरले, तळे बांधणारे स्वतंत्र कंत्राटदार होते, तरीही १८६८ मध्ये मालकच जबाबदार ठरला, हे तुला पाठ आहे. पण त्या नियमाला खिडक्या आहेत. कारखान्याचे पहिलेच उत्तर आले: ‘टँकर बाहेरच्या वाहतूकदाराचा, चालक त्याचा, आणि त्या रात्रीचा पाऊस असाधारण.’ म्हणजे एका खिडकीतून तिऱ्हाईताची कृती आणि दुसऱ्या खिडकीतून दैवी आपत्ती. पुढे त्यांचे म्हणणे असेही आहे की हे आम्ल संडास धुण्यासाठी घरोघरी असते, त्यात धोकादायक काय? यावर तात्या म्हणाले, ‘मग साहेबांनी सहा हजार लिटरने त्यांचाच संडास धुवून घ्यावा.’

या खिडक्या आपल्याकडे बंद आहेत. दिल्लीतल्या श्रीराम कारखान्यातून ४ डिसेंबर १९८५ रोजी ओलियम वायू सुटला, भोपाळला जेमतेम वर्ष झाले होते. त्या प्रकरणात न्यायमूर्ती भगवतींच्या पाच जणांच्या पीठाने डिसेंबर १९८६ मध्ये सांगितले की धोकादायक उद्योग चालवणाऱ्याचे दायित्व निरपवाद आहे आणि रायलँड्सचे अपवाद त्याला मिळणार नाहीत. शिवाय भरपाई उद्योगाच्या कुवतीच्या प्रमाणात असावी. पुढे हे केवळ प्रासंगिक, बंधनकारक नसलेले मत आहे असा वाद निघाला, पण उदयपूरजवळच्या बिछडी गावच्या विहिरी एच-आम्लाच्या कारखान्यांनी नासवल्या, तेव्हा १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो वाद मिटवून हाच नियम लावला. त्यामुळे चालक झोपला होता की झडप कोणी उघडी ठेवली, हे मला सिद्ध करावे लागत नाही. माझा अर्ज पुण्याच्या हरित न्यायाधिकरणापुढे जाईल. तेथे भरपाईसाठी पाच वर्षांची मुदत आहे, ‘चूक नसतानाही दायित्व’ हे कायद्यातच लिहिले आहे, आणि करारनामा नसलेल्या मुलांनाही इजेसाठी उभे राहता येते.

तर दायित्वाचा प्रश्न सुटला, अरुण, आणि इथेच मी बुडालो. आम्ल ओढ्यात गेले हे कोणी नाकारत नाही. ते तात्यांच्या विहिरीपर्यंत पोहोचले, आणि बागेचे नुकसान त्यानेच झाले, हे मात्र मलाच दाखवावे लागते. दायित्व निरपवाद असले तरी कार्यकारणाचा पुरावा कोणी माफ करत नाही.

२० जूनला, म्हणजे तिसऱ्या दिवशी, तात्या विहिरीच्या पाण्याची एक लिटरची बाटली घेऊन माझ्या कार्यालयात आले. मी तेव्हा रायलँड्सच्या अपवादांवर टिपण लिहीत होतो. ‘कपाटावर ठेवा,’ म्हणालो. चिठ्ठी लावली नाही, सील केले नाही, साक्षीदार घेतला नाही, प्रयोगशाळेत पाठवली नाही. आठवड्याने आमच्या लिपिकाने ते पाणी खिडकीतल्या मनीप्लँटला घातले. तो मनीप्लँट आजही टवटवीत आहे, आणि समोरच्या वकिलांना हे कळले तर ते त्याला साक्षीदार म्हणून कुंडीसकट आणतील.

‘तू कायदा जिंकतोस आणि फाइल हरतोस,’ असे तू म्हणाला होतास. मला ते वाक्य गेले तीन आठवडे रोज आठवते.

प्रदूषण नियंत्रण मंडळाने नमुना घेतला तो अकराव्या दिवशी. सामू ७.६ आला, आणि कारखान्याने लगेच लिहून दिले की आम्ल विहिरीपर्यंत गेलेच नाही. आपली जमीन चुनखडीची. ती आम्ल दोन-चार दिवसांत मारते आणि सामू पूर्वपदावर आणते, पण त्यातला क्लोराईड कुठेही जात नाही, चुन्यातले कॅल्शियम सोबत घेऊन पाण्यात राहतो. अहवालात क्लोराईड लिटरला ६४० मिलिग्रॅम आहे आणि कठीणपणाही त्याच्याबरोबर वाढलेला आहे. ओढ्याच्या वरच्या अंगाला नानांची विहीर आहे, तेथे त्याच दिवशी क्लोराईड ९० आला. तो नमुना मी भांडून घ्यायला लावला, एवढे तरी माझ्या खात्यावर लिही.

यावर त्यांचे म्हणणे असे की क्लोराईड तात्यांच्या पोटॅश खताचा आहे. मी रात्री बसून हिशेब केला, तू तपासून पाहा. विहीर आठ मीटर व्यासाची, पाणी सहा मीटर, म्हणजे सुमारे तीनशे घनमीटर. लिटरला ५५० मिलिग्रॅम वाढ म्हणजे साधारण १६५ किलो क्लोराईड. तीस टक्क्यांच्या सहा हजार लिटर आम्लात तो सुमारे दोन हजार किलो असतो, म्हणजे बाराव्या हिश्शाहून कमी विहिरीत आला, आणि हे सहज पटते. उलट एमओपी, म्हणजे क्लोराईडवाल्या पोटॅश खतात, जेमतेम निम्मा क्लोराईड असतो. तेवढ्यासाठी सात पोती थेट विहिरीत ओतावी लागतील. आणि द्राक्षाला क्लोराईड सोसत नाही म्हणून तात्या एमओपी वापरतच नाहीत, एसओपी, म्हणजे सल्फेटवाले पोटॅश वापरतात. कृषी सेवा केंद्राच्या तीन वर्षांच्या पावत्या माझ्याकडे आहेत.

नुकसानीची किंमत हे आणखी दुखणे. वेलीवर आज एक घडही नाही. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर जूनमध्ये काडीवरच्या डोळ्यांत, म्हणजे कोंबांत, घडनिर्मिती होते, आणि नेमक्या त्याच वेळी पाने करपली. ऑक्टोबरच्या फळछाटणीनंतर घड किती निघतात ते दिसेल, पैसे मार्चमध्ये कमी येतील. म्हणून करपलेल्या चार ओळी आणि वरच्या अंगाच्या चार निरोगी ओळी यांच्या काड्यांचे डोळे तपासून घ्यायला कृषी विद्यापीठातल्या जाणकारांना विनंती केली आहे. ऑक्टोबरपर्यंत थांबून अर्ज भक्कम करावा की आत्ताच अंतरिम मदत मागावी, याचा निर्णय होत नाही. बिछडीकरांचा निकाल १९९६ चा, आणि कारखानदारांकडून वसुलीचा झगडा २०११ मध्येही न्यायालयात चालूच होता, हे डोक्यातून जात नाही.

तुझ्या विमा कंपनीच्या बढतीबद्दल मन्याकडून कळले, अभिनंदन. पल्लवीच्या लग्नाला यायचे होते, त्या आठवड्यात आई रुग्णालयात होती. वहिनींना माझा नमस्कार सांग आणि माझ्यावरचा राग तूच काढून घे. सार्वजनिक दायित्व विम्याचा कायदा १९९१ चा आहे, तो तुझ्या टेबलावरचा. कारखान्याने ती पॉलिसी घेतली असेल तर जिल्हाधिकाऱ्यांकडे चाळीतल्या लोकांचा अर्ज वेगळा करता येईल का, एवढे पाहून कळव.

पण मूळ प्रश्न बाटलीचा. तात्यांनी पोलिसांना दिलेल्या जबाबात ‘पाण्याची बाटली वकीलसाहेबांकडे दिली’ असे लिहिले आहे. ती कुठे गेली हे विचारले जाणार, आणि उत्तर फक्त मी आणि माझा लिपिक देऊ शकतो. ज्या प्रकरणात वकील स्वतः साक्षीदार होण्याची शक्यता आहे, त्यात त्याने उभे राहू नये, हा नियम तूच मला परीक्षेच्या आदल्या रात्री शिकवला होतास. न्यायाधिकरणाला पुराव्याच्या कायद्याचे काटेकोर बंधन नाही, मंडळाचा अहवाल पुरेसा आहे, बाटलीवाचून काही अडणार नाही, असे मी स्वतःला सांगतो. पण हे मी वकील म्हणून सांगतो की लाजेपोटी, हे मला ओळखता येत नाही. तात्यांना अजून काही बोललेलो नाही. ते रोज सकाळी फोन करून ‘बाटली जपून आहे ना?’ असे विचारतात, आणि मी ‘हो’ म्हणतो.

वकालतनामा परत देऊन पुण्यातल्या कुलकर्ण्यांकडे फाइल सोपवावी, असे निम्मे मन म्हणते. उरलेले निम्मे म्हणते की तात्यांना फी परवडणार नाही. तू असतास तर काय केले असतेस, ते न सजवता लिही. मी अर्ज १० ऑगस्टपर्यंत थांबवला आहे. त्याआधी तुझे उत्तर आले नाही, तर तात्यांना मी एकटाच जाऊन सांगेन.

तुझा,
विनायक