बुंदी पाडायला शिकवणाऱ्या काकूंना पत्र

आदरणीय काकूंस,
साष्टांग नमस्कार.

आपले नाव चारचौघांत घेतलेले आपणांस आवडत नाही, म्हणून ते येथे लिहीत नाही. परंतु लेकीच्या लग्नातले लाडू ज्यांच्यामुळे झाले त्यांचे आभार मनातल्या मनात मानून भागणार नाही, असे मला सारखे वाटत राहिले.

लाडवांचा विसार घेतलेल्या आचाऱ्याने ऐन वेळी निरोप पाठवून हात वर केले, हे आपल्याला ठाऊक आहेच. त्याहून अधिक मला लागले होते ते त्याआधीचे. रीतसर शुल्क भरून मी एका पाकवर्गात बुंदी शिकायला गेले होते. तेथील बाईंनी झारा एकदाही आमच्या हातात दिला नाही. पीठ किती पातळ असावे, या प्रश्नाला ‘अंदाज येतो हळूहळू’ एवढेच उत्तर मिळाले आणि बुंदीला शेपट्या का येतात, असे विचारले तेव्हा आमच्या बेसनालाच नावे ठेवण्यात आली. ज्याला येते त्याने हातचे राखून शिकवावे, याचा मला आजही राग येतो.

आपण आलात ते थेट पिठाच्या पातेल्याशी. अर्धा किलो बारीक बेसन चाळून, अर्धा लिटर पाणी थोडे थोडे घालत मी गुठळ्या मोडल्या होत्या. आपण ते पाव तास झाकून ठेवायला लावलेत, कारण बेसन सावकाश पाणी पिते आणि आता बरोबर वाटणारे पीठ थोड्या वेळाने घट्ट होते. मग तापलेल्या तेलात चमच्याने एकच थेंब सोडलात आणि मला वाकून बघायला सांगितलेत. तो थेंब लगेच वर आला, पण त्याला बारीक शेपूट होते. पीठ घट्ट असले की ते छिद्रातून चटकन सुटत नाही, ओढले जाते आणि तसेच तळले जाते, हे आपण सांगितलेत आणि एक चमचा पाणी घातलेत. दुसऱ्या थेंबाचे शेपूट आखूड झाले, आणखी एका चमच्यानंतर थेंब गोल आला. पाण्याचा हात जास्त झाला तर थेंब तेलावर आपटून चपटा होतो, मग चमचाभर बेसन घालून ते फेटून घ्यावे लागते. ज्या अंदाजासाठी मी पैसे मोजले होते, तो आपण तीन थेंबांत डोळ्यांसमोर मांडलात. बेसन दळणागणिक वेगळे असते, त्यामुळे पाण्याचे माप पाठ करण्यापेक्षा हा थेंब बघणेच खरे, हे मला तेव्हा पटले.

त्यानंतरचे जे घडले, त्यासाठी खरे तर हे पत्र आहे. मोठ्या कढईतल्या तेलाची धग लागली की हात आपोआप वर जातो, तसा माझाही गेला. उंचावरून पडलेली बुंदी चपटी होते आणि झारा फार खाली धरला तर वाफेने छिद्रांतले पीठ आळते. आपण झारा माझ्याकडून काढून घेतला नाहीत. आपला तळहात माझ्या मनगटाखाली, धगीच्या बाजूला ठेवलात आणि माझा हात हळूहळू खाली आणलात, तेलापासून साधारण अर्ध्या वितेवर. धग आधी आपल्या हाताला लागत होती. ‘आता पीठ ओत, आणि झारा आपटू नकोस, हलवूही नकोस, पीठ बरोबर असेल तर ते आपसूक पडते,’ असे आपण म्हणालात आणि खरोखर पावसाच्या सरीसारखी बुंदी एकसारखी पडत गेली. पहिला घाणा निघेपर्यंत आपण तळहात हलवला नाहीत. दुसऱ्याचा हात भाजू नये म्हणून स्वतःचा मध्ये धरणारी माणसे अजून आपल्यात आहेत, या जाणिवेने मला भरून आले होते, ते त्या गडबडीत सांगायचे राहून गेले.

तेलावर बुंदीचा एक थर झाला की झारा बाजूला घ्यायचा, हेही आपण निक्षून सांगितलेत. अधिक पडली की दाणे एकमेकांना चिकटतात. प्रत्येक घाण्यानंतर झारा पाण्यातून काढून कोरड्या फडक्याने खालून-वरून पुसायचा, कारण छिद्राच्या कडेला चिकटलेले पीठ पुढच्या बुंदीचा आकार बिघडवते आणि झाऱ्यावर पाणी राहिले तर तेल उडते. लाडवाची बुंदी कुरकुरीत करायची नसते, ही गोष्ट मात्र मला अगदीच नवी होती. फेस ओसरू लागला की एक दाणा काढून बोटांत दाबायचा. तो मऊ दबला पाहिजे, पण आत कच्चे पीठ लागता कामा नये. कडक तळलेला दाणा पाक शोषत नाही, तो नुसता वरून गोड होतो.

पाकाला पाऊण किलो साखर आणि तिच्या निम्मे पाणी घेतले होते. आपण शेगडीजवळून हलला नाहीत. अंगठा आणि तर्जनी यांमध्ये एक तार धरू लागताच विस्तव बंद करून लिंबाचे काही थेंब पिळलेत, म्हणजे साखर पुन्हा दाणेदार होत नाही. पाक दोन तारांवर गेला तर लाडू दुसऱ्या दिवशी दगड होतात आणि वर पांढरी साखर धरते. तारेच्या अलीकडे राहिला तर ते वळलेच जात नाहीत. गरम पाकात कोमट बुंदी, वेलदोडा आणि बेदाणे घालून आपण पातेले झाकलेत आणि तासाभराने ते कलते करून मला तळ दाखवलात. तळाशी अजून पाक ओघळत होता, म्हणून आणखी थांबलो. ओघळ थांबला, दाणे फुगून टपोरे झाले, तेव्हा मूठभर बुंदी हाताने चुरडून आपण उरलेल्या बुंदीत मिसळलीत. गोल दाण्यांमधल्या फटी त्या चुऱ्याने भरतात, त्यामुळे लाडू जोर न लावता वळला जातो, घट्ट दाबावा लागत नाही, म्हणूनच मऊ राहतो. शेवटची बुंदी गार होऊन सुटी पडू लागली होती. तिच्यावर आपण दोन चमचे उकळते पाणी शिंपडून ताट झाकलेत आणि थोड्या वेळात तीही वळता आली.

व्याह्यांकडच्या आजींना दात नाहीत, त्यांनी आख्खा लाडू बोटांनी फोडून खाल्ला आणि दुसरा मागून घेतला, हे आपल्याला मुद्दाम कळवते. आपण पाकीट घेतले नाहीत. साडी मात्र आपल्याला घ्यावीच लागेल, ती मी स्वतः घेऊन येणार आहे. पुढच्या महिन्यात भाचीचे डोहाळजेवण आहे. त्या दिवशी बुंदी मीच पाडणार आहे, आपण फक्त खुर्चीवर बसून पाकाची तार बघावी, ही आग्रहाची विनंती.

आपली ऋणी,
वधूची आई