घर मोडायचं, पण घरातच राहायचं

मुलुंड पूर्व, मुंबई

प्रिय सुहास,

परवा फोनवर तू म्हणालास, "दोन्ही बाथरूम एकदमच फोडून घेतो, महिनाभर काय ओढाताण व्हायची ती होईल." त्याच वेळी मागून वहिनी काहीतरी बोलल्या. शब्द कळले नाहीत, सूर कळला. माझं मत त्यांच्याच बाजूने आहे, आणि फोनवर तू पुरतं ऐकून घेत नाहीस, म्हणून हे पत्र.

कंत्राटदाराला दोन्ही बाथरूम एकदम का हवीत ते साधं आहे. डेब्रिज एकदा उतरवायचं, वॉटरप्रूफिंगवाला एकदाच बोलवायचा, टाइल्सचा मिस्त्री सलग लावायचा. त्याचा खर्च वाचतो हे खरंच आहे. आमच्याकडेही त्याने हाच हट्ट धरला होता. पण घरात आई, मी, ही आणि बारावीतली लेक. रात्री दोन वाजता आईला उठावं लागलं तर शेजाऱ्यांची बेल वाजवायची का? मी त्याला एकच अट घातली: संध्याकाळी सहाला मजूर गेले की घरात एक संडास, एक नळ, एक शेगडी आणि चार माणसांना पाठ टेकायला जागा, एवढं चालू असलं पाहिजे. ते सांभाळून बाकी काय फोडायचं ते फोड. या अटीतूनच कामाचा क्रम आपोआप ठरला. तुझाही फ्लॅट आमच्यासारखाच, बेडरूमला जोडून एक बाथरूम आणि पॅसेजमध्ये दुसरं, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी कुठलं घ्यायचं? सगळे म्हणतात पॅसेजमधलं, कारण ते जास्त खराब झालेलं असतं. आम्ही उलट केलं. बेडरूममधल्या बाथरूमचा राडारोडा बाहेर काढायचा रस्ता बेडरूममधूनच जातो. म्हणजे ते काम चालू असताना बेडरूम तशीही गेलेली. मग ती पूर्ण रिकामी करून तिची लादी, वायरिंग, गिलावा सगळं त्याच टप्प्यात उरकायचं. बेडरूमला नवी लादी आधी आणि बाथरूम नंतर असं कधी करू नकोस, नव्या लादीवरून घमेली जातील. या टप्प्यात गैरसोय फक्त आम्हा दोघांची झाली, आम्ही हॉलमध्ये झोपलो. आईची खोली आणि पॅसेजमधलं बाथरूम जसंच्या तसं राहिलं. पुढच्या टप्प्यात आई तयार झालेल्या बेडरूममध्ये गेली. तिला शेजारीच नवं बाथरूम, धरायला दांडी, उंच कमोड. काकूंचं आताचं वय बघता तुलाही हेच सोयीचं पडेल.

आता बाथरूमचं काम इतकं लांबतं का, ते समजून घे, कारण सगळं वेळापत्रक त्यावर टांगलेलं असतं. जुन्या इमारतींत बाथरूमची स्लॅब बऱ्याचदा बाकीच्या घरापेक्षा फूटभर खाली असते. त्या खड्ड्यात विटांचे तुकडे आणि सिमेंट घालून कोबा केलेला असतो आणि त्यावर लादी. आमचं बाथरूम पाच बाय सात फुटांचं. फूटभर खोल म्हणजे ३५ घनफूट माल, साधारण एक घनमीटर. वजन दीड-दोन टन. पंचवीस-तीस किलोची एक गोणी धरली तर एका छोट्या बाथरूममधून साठ-सत्तर गोण्या निघतात, भिंतींच्या टाइल्स वेगळ्याच. या गोण्या मजूर सवयीने गॅलरीत रचतात. तिथे ठाम नाही म्हण. गॅलरीची स्लॅब भिंतीबाहेर नुसती तरंगती असते, तिथे टनाटनाचा ढीग नको. भिंतींच्या कडेने पसरून ठेवायच्या आणि रोज संध्याकाळी खाली उतरवायच्या. नव्या टाइल्सच्या खोक्यांचंही तसंच.

खड्डा रिकामा झाला की स्लॅब साफ करून वॉटरप्रूफिंगचा पहिला थर. तो वाळला की पाइपाचं तोंड बंद करून पाणी भरून ठेवायचं, किमान ४८ तास. कंत्राटदार याला पाँडिंग म्हणतात आणि २४ तासांत उरकू बघतात. भिंतीवर पाण्याच्या पातळीची पेन्सिलने रेघ मार आणि शेजारी पाण्याची एक बादली भरून तिच्यावरही तशीच रेघ मार. उकाड्याने पाणी थोडं उडतंच. बादलीत जेवढं उतरलं तेवढंच खड्ड्यात उतरलं असेल तर ठीक. जास्त उतरलं तर गळतंय. खालच्या मजल्यावरच्यांना आधीच सांगून ठेव आणि त्या दोन दिवसांत त्यांच्या बाथरूमचं छत स्वतः जाऊन बघ, विशेषतः पाइप जिथून आरपार जातो तिथे. गळती बहुधा मधल्या सपाटीवर नसते, पाइपाच्या गळ्यापाशी किंवा कोपऱ्यात असते. त्यानंतर पाइप आणि नहाणी ट्रॅप बसवायचा, मग नवा कोबा. सिमेंटचं काम असल्याने त्यावरही आठवडाभर पाणी राहू द्यायचं, आणि त्यातच दुसरी चाचणी होऊन जाते. म्हणजे या टप्प्यात निम्मे दिवस बाथरूममध्ये कोणी काम करत नसतं, नुसतं पाणी साचलेलं असतं. घरच्यांना हे दिसलं की वाटतं कंत्राटदार टंगळमंगळ करतोय, आणि कंत्राटदाराला वाटतं मिस्त्री रिकामा बसला, तर लवकर टाइल्स लावून टाकू. याच घाईत पुढच्या दहा वर्षांची गळती घरात येते. आम्ही त्या रिकाम्या दिवसांत त्याच मिस्त्रीला बेडरूमचा गिलावा आणि वायरिंगच्या झिऱ्या दिल्या. त्याचा रोज बुडला नाही आणि पाणीही निवांत साचून राहिलं. फोडण्यापासून नळ बसेपर्यंत एका बाथरूमला साधारण तीन-चार आठवडे धर. कोणी दहा दिवस म्हणाला तर त्याला विचार, पाणी कधी भरणार?

फोडायला सुरुवात करण्याआधी मात्र एक काम. कुठला कॉक कुठलं पाणी बंद करतो, ते प्लंबरला घेऊन शोधून काढ. आमच्याकडे गच्चीवरच्या टाकीतून येणारी एक लाइन पॅसेजमधलं बाथरूम आणि किचन दोघांना पाणी देते, बेडरूमचं बाथरूम वेगळ्या लाइनीवर आहे. जुने कॉक गंजून बसलेले असतात, फिरवायला गेलं की पूर्ण बंदच होत नाहीत. मग गच्चीवरून सबंध लाइन बंद करावी लागते आणि त्या लाइनीवरच्या सगळ्या मजल्यांचं पाणी जातं. म्हणून सोसायटीच्या बोर्डावर आदल्या दिवशी सूचना लावून एका दुपारीच किचन आणि दोन्ही बाथरूमना वेगवेगळे नवे कॉक बसवून घे. तेवढं झालं की एक भाग फोडलेला असतानाही बाकीच्या घरात पाणी राहतं.

विजेचंही तसंच. नवा बोर्ड आधी लावून जुन्या लाइनी त्यावर जोडल्या, म्हणजे खोलीखोलीची वीज वेगळी बंद करता येते. त्या बोर्डात आरसीसीबी, म्हणजे करंट कुठे गळू लागला की लगेच वीज तोडणारा स्विच, असलाच पाहिजे. मजूर कटरच्या वायरीची उघडी टोकं आगपेटीच्या काड्या खोचून सॉकेटमध्ये बसवतात आणि ओल्या लादीवर उभे राहतात, हे मी डोळ्यांनी पाहिलं. त्याच दिवशी प्लग लावून घेतले.

दुसरा टप्पा पॅसेजमधल्या बाथरूमचा, आणि इथे एक गोष्ट कंत्राटदार आपणहून सांगत नाही. तुझ्याकडेही किचनच्या सिंकची भिंत आणि या बाथरूमची भिंत एकच असणार, चार इंची विटेची. बाथरूमला नव्या टाइल्स लागल्यावर महिन्याभराने किचनच्या बाजूने त्याच भिंतीला पाइपासाठी छिन्नी लावली, तर हादऱ्याने पलीकडच्या टाइल्स सुटतात. लगेच पडत नाहीत. टिचकी मारली की पोकळ आवाज येतो, आणि मग कधीतरी फुगून बाहेर येतात. म्हणून किचन पुढच्या टप्प्यात असलं तरी त्या एका भिंतीतल्या झिऱ्या, पाइप आणि गीझरची वायर बाथरूमबरोबरच करून टाक. किचनमध्ये चार दिवस धूळ येईल, पण ओटा आणि गॅस चालू राहील.

मग किचन. ओटा तुटेल तेव्हा इंडक्शनची शेगडी हॉलमध्ये, १६ अँपियरच्या पॉइंटवर, एक्स्टेन्शन बोर्डवर नाही. पाइपच्या गॅसला आपल्या प्लंबरला हात लावू देऊ नकोस, गॅस कंपनीची माणसं येऊन लाइन बंद करतात आणि नंतर हलवतात. त्यांची तारीख मिळायला वेळ लागतो, तेव्हा अर्ज दुसऱ्या टप्प्यातच कर. भांडी नव्या बाथरूममध्ये घासावी लागतील, नहाणीवर बारीक जाळी ठेव, नाहीतर भाताची शितं आणि तेलकटपणा नव्या ट्रॅपमध्ये जाऊन बसतो. ही वैतागायची, पण दोन आठवडे निभावलं. हॉल आणि रंग सगळ्यात शेवटी, त्याबद्दल लिहायला फार काही नाही, फक्त पुट्टी घासायच्या दिवशी काकूंना कुणाकडे तरी पाठव. टाइल कापताना पाणी सोडलं तर धूळ बसते, पण पुट्टीची पांढरी भुकटी दाराखालून, फटींतून, एसीच्या जाळीत, सगळीकडे जाते. दाराला जाड प्लास्टिक आणि खाली ओलं पोतं लावलं होतं, बऱ्यापैकी उपयोग झाला.

कधी सुरू करायचं हे विचारत होतास. गणपती गेल्यावर लगेच. आईने पितृपक्षाचं नाव काढलं, पण त्याच पंधरा दिवसांत कंत्राटदार मोकळे असतात आणि फोडायला काही मुहूर्त लागत नाही, एवढं तिलाही पटलं. पहिलं बाथरूम दिवाळीआधी चालू झालंच पाहिजे, कारण दिवाळी-छटला बरेच कारागीर गावी जातात आणि कधी परततील ते त्यांनाही माहीत नसतं. त्या काळात घरात काही उघडं पडलेलं नको. दुसरं बाथरूम ते परत आल्यावर. पैसेही तसेच बांध: पुढच्या बाथरूमवर हातोडा पडायचा तो आधीच्यात नळ आणि फ्लश चालू झाल्यावर, आणि हप्ता तेव्हाच.

तुमच्या सोसायटीत कामाच्या वेळा काय आहेत, दुपारी दोन ते चार बंद ठेवायला लावतात का, ते सेक्रेटरीला विचारून ठेव. त्यावरून रोज किती गोण्या उतरतील याचा हिशेब लागतो. आणि रविवारी मी येतो. त्याआधी बाथरूमच्या डक्टमधल्या पाइपांचे फोटो मोबाइलवर पाठव, कॉक कुठे आहेत ते आधी बघून ठेवतो. वहिनींना सांग, थालीपीठ चालेल.

तुझा,
विनय