टक्केवारी काढा, पण तासिका धरून

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सातवीतल्या नातीचं प्रगतिपुस्तक परवा सहीसाठी घरी आलं. नऊ विषय, सरासरी ७३.३३ टक्के, श्रेणी ब-१. पेढे आले. मी जन्मभर गणित शिकवलं, त्यामुळे पेढा तोंडात असतानाच पेन्सिल हातात घेतली.

गणितात ५०, इंग्रजीत ५८, विज्ञानात ६०, सामाजिक शास्त्रांत ६६, मराठीत ७२, हिंदीत ७४. पुढे कलेत ९४, कार्यानुभवात ९२ आणि शारीरिक शिक्षणात ९४. या शेवटच्या तिघांना आठवड्याच्या ४५ पैकी १० तासिका मिळतात, म्हणजे पाव हिस्साही नाही. सरासरीत मात्र त्यांचा वाटा तिसऱ्या हिश्शाचा.

तिच्या वेळापत्रकात गणित आणि इंग्रजीला प्रत्येकी ७ तासिका आहेत, मराठी आणि विज्ञानाला ६, सामाजिक शास्त्रांना ५, हिंदी आणि शारीरिक शिक्षणाला ४, कला आणि कार्यानुभवाला ३. प्रत्येक विषयाच्या गुणांना त्याच्या तासिकांनी गुणलं. बेरीज आली ३१०८. तिला ४५ ने भागलं तर ६९.०७ टक्के, म्हणजे श्रेणी ब-२. पोरगी तीच, पेपर तेच. कच्चं गणित सरासरीखाली झाकलं गेलं होतं, एवढंच.

समान भाराची आणखी एक गंमत आहे. इतिहास-नागरिकशास्त्र आणि भूगोल अशा दोन ओळी छापल्या की सामाजिक शास्त्रांचा वाटा नवव्या हिश्शावरून पाचव्यावर जातो, शिकवणं तसूभरही न वाढता. तासिका धरल्या तर ५ च्या ३ आणि २ होतात, वाटा जिथल्या तिथे. यात नवं काही नाही. महाविद्यालयात श्रेयांक आठवड्याच्या अध्यापन-तासांवर ठरतात आणि सरासरी श्रेयांकांनी गुणूनच निघते. तिथे प्रात्यक्षिकाच्या दोन तासांना एक श्रेयांक मिळतो. शाळेत कला-क्रीडेची अशी निम्मी कपात मी करणार नाही. मुलं तिथेही पूर्ण तासिका राबतात.

या पद्धतीतही खोट आहे. मराठी माध्यमात इंग्रजीला जादा तासिका देतात त्या मुलांना ती जड जाते म्हणून. त्याच तासिका भार म्हणून धरल्या, तर कच्च्या मुलाला त्याच विषयाचा फटका जास्त बसणार. तरी ओळी मोजण्यापेक्षा मला हे बरं वाटतं.

शाळांनी प्रगतिपुस्तकात गुणांशेजारी तासिकांचा रकाना छापावा. आकडे जूनमध्ये मंजूर झालेल्या वेळापत्रकातलेच हवेत, प्रत्यक्षात झालेल्या तासिकांचे नकोत. परीक्षा जवळ आली की खेळाची तासिका गणिताचे सर मागून घेतात. मीही घेतल्या आहेत.

आपला,
एक निवृत्त गणित शिक्षक, सातारा