७.४ करायला गेले आणि ७.०२ आलं

पक्या,

तब्येत ठीक, आईचा गुडघा तसाच, पाऊस अजून नाही. झालं. आता मुद्द्यावर येतो, कारण हे तुला सोडून कुणालाही सांगितलं तर नुसतं "हं" म्हणून फोन बघायला लागेल.

मंगळवारी प्रॅक्टिकल संपलं होतं, सगळे गेले आणि ओंकार आणि श्रुती दोघंच मीटरसमोर उभे. फॉस्फेट बफर, ०.१ मोलर, करायचा होता पीएच ७.४ चा आणि मीटर दाखवतोय ७.०२. मी मागच्या टेबलावर जर्नल तपासत बसलेलो, मुद्दाम उठलो नाही. ओंकारचं ठरलेलं, मीटर बिघडलाय. श्रुती म्हणाली अरे आत्ताच कॅलिब्रेट केलाय, ७ च्या बफरमध्ये बुडवला तर बरोब्बर ७.०० दाखवतो, मग आपल्याच बीकरवर त्याचा काय राग आहे? मग ओंकारने बॅगेतून स्वतःचा पेन मीटर काढला, ऑनलाइन मागवलेला, त्याच्यासोबत पावडरच्या पुड्या येतात ना, त्यातली ६.८६ ची पाण्यात विरघळवून पेन लावून घेतला. पेनसुद्धा ७.० च म्हणाला.

मग श्रुतीला बाटली आठवली. डायसोडियम फॉस्फेटच्या त्या बाटलीचं लेबल ओलं होऊन निम्मं गेलंय, मिठाच्या स्फटिकात पाण्याचे किती रेणू आहेत ते वाचताच येत नाही. त्यांनी दोन पाण्याचं धरून १०० मिलीला ३.५६ ग्रॅम घेतलं होतं. ती म्हणाली, हे बारा पाण्याचं असेल तर ७.१६ ग्रॅम लागलं असतं, म्हणजे आपलं द्रावण निम्म्याच ताकदीचं, आणि बेस निम्मा झाला की पीएच ०.३ ने खाली येतो. "०.३ कुठे, ०.३८ कमी आलंय," ओंकार म्हणाला. पण जवळपास तर होतं. खरं सांगतो, तिथेच थांबले असते तर मीही काही बोललो नसतो, इतकं ते पटण्यासारखं होतं.

पण ती थांबली नाही रे! म्हणाली तपासून बघू. एक ग्रॅम मीठ डिशमध्ये घेऊन ओव्हनमध्ये १०५ ला ठेवलं, गार करून वजन केलं, परत ठेवलं, परत वजन, हलेना तोपर्यंत. ०.८० ग्रॅम उरलं. दोन पाण्याच्या मिठात वजनाच्या साधारण २० टक्के पाणी असतं, बारावाल्यात ६०, म्हणजे ते असतं तर ०.४० च उरलं असतं, आणि त्याआधी स्वतःच्याच पाण्यात वितळून डिशमध्ये चिखल झाला असता, ते ३५ डिग्रीच्या आसपासच विरघळायला लागतं. इथे पांढरी पावडर जशीच्या तशी. म्हणजे बाटली निर्दोष, वजन निर्दोष.

मग गणित काढलं. पुस्तकातला पीकेए ७.२, हवं ७.४, फरक ०.२, म्हणजे बेस आणि आम्लाचं गुणोत्तर १.५८, म्हणून ०.२ मोलरची दोन द्रावणं, ६१ मिली डायसोडियम म्हणजे बेस, ३९ मिली मोनोसोडियम म्हणजे आम्ल, आणि पाणी घालून २००. गणितात खोट नाही. ओंकार वैतागून म्हणाला, "सर, दोन थेंब एनएओएच टाकू का?"

पक्या, आणि मला तू दिसलास. होस्टेलवर तू म्हणायचास की बफर म्हणजे भाजी आहे, मीठ कमी तर मीठ टाक, आणि मी रात्री दोनला तुझ्याशी भांडायचो, मेसवाल्या काकांनी दिवा घालवला तरी. तुझ्या पद्धतीने बफर बिघडत नाही हे मी तेव्हाही मानत होतो, मोनोचं थोडं डाय होतं इतकंच. पण ७.०२ का आलं ते ड्रॉपर हातात घेऊन कळत नाही, हे माझं म्हणणं अजून तेच आहे.

मी एवढंच म्हणालो, "ओंकार, तुझ्या ६.८६ च्या पुडीत काय असतं रे?" शोधलं त्याने. प्रमाणित बफर, मोनो पोटॅशियम फॉस्फेट ०.०२५ आणि डायसोडियम फॉस्फेट ०.०२५. श्रुती बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "सारखं सारखं? म्हणजे लॉग एकचा शून्य. मग पीएच पीकेएइतकाच हवा ना, ७.२? मग हे जगभर ६.८६ का मानतात?" ओंकार म्हणाला, "म्हणजे ७.२ च खोटं?" "खोटं नाही रे, ते अगदी पातळ पाण्यातलं आहे."

त्यांनीच लावलं मग सगळं. ७.२ हा आकडा जवळपास आयनच नसलेल्या द्रावणाचा. आपल्या बीकरमध्ये सोडियमची गर्दी, दोन ऋण भार असलेल्या फॉस्फेटभोवती ते गोळा होतात, तो दोन भारांचा आयन त्यामुळे जास्त सुखात राहतो, मग मोनो आपला प्रोटॉन जरा सहज सोडतो. म्हणून ०.१ मोलरला कामाचा पीकेए ६.८ च्या आसपास धरावा लागतो. त्यात ०.२ मिळवले की ७.०. मीटर पहिल्यापासून खरंच बोलत होता. खात्रीसाठी त्यांनी बफर दहापट पातळ केला, तर पीएच वर सरकून ७.२२. गुणोत्तर तेच, फक्त गर्दी कमी झाली! आणि सोरेन्सनच्या तक्त्यात बघितलं तर ६१ आणि ३९ समोर छापलंय ७.०, आणि ७.४ ला ८१ आणि १९. श्रुतीने ओंकारच्या पाठीत असा धपाटा घातला की डिश पडली असती.

आता माझी खरी अडचण. जर्नलमध्ये काय लिहायचं? आमच्याकडे वरून सांगणं आहे की निरीक्षण ७.४ च हवं, परीक्षक बाहेरून येतो, ७.०२ बघितलं की गुण कापतो. श्रुती विचारते, "सर, आम्हाला कारण माहितीये, मग खोटं का लिहू?" मला रात्री झोप नाही नीट. मी म्हटलंय ७.०२ च लिहा, खाली ओव्हनचं वजन, पातळ केल्यावरचा आकडा आणि तक्त्याचं गुणोत्तर लिहा, मग ८१:१९ ने परत करा आणि तेही लिहा. सही मी करणार. पण गुण कापले तर पोरांचे कापले जाणार, माझे नाही, आणि ते मला सहन होत नाहीये. तू क्यूसीत बसतोस, तुमच्याकडे आकडा चुकला की कारण लिहून ठेवतातच ना, खोडत नाहीत? त्या फॉर्मचा नमुना, कंपनीचं नाव झाकून, पाठवशील? प्राचार्यांपुढे ठेवायला काहीतरी हवंय, नुसतं माझं तोंड नको.

बाकी चिमणीला दात आले का? वहिनींची बदली झाली असं सुध्या म्हणाला, खरं का? घर बदलणार असशील तर पुस्तकांची पेटी माझ्याकडे टाक, रद्दीत देऊ नकोस, त्यात माझीही दोन आहेत. प्रॅक्टिकल परत गुरुवारी आहे, त्याआधी नमुना पाठव.

तुझा,
बाळ्या